बाजार पडला म्हणजे किती पडला?

३ जून २०२४ रोजी, सोमवारी, सेन्सेक्स २,५०७.४७ अंकांनी वाढून ७६,४६८.७८ वर बंद झाला. लोकसभा निवडणुकीचे मतदान संपल्यावर शनिवारी संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आले होते आणि सत्ताधारी पक्षाला स्वबळावर मोठे बहुमत मिळेल, असे त्यांतून दिसत होते. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. भाजपच्या जागा २४० वर थांबल्या आणि सेन्सेक्स ४,३८९.७३ अंकांनी घसरून ७२,०७९.०५ वर आला.

अशा दिवशीचा इंग्रजी सारांश शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला, तर तो साधारण असा होईल: ‘आदल्या दिवशीच्या रॅलीनंतर बाजारात मोठी सुधारणा झाली. निर्देशांक ४,३८९ अंकांनी खाली आला आणि अस्थिरता २७ टक्के झाली.’

हा मजकूर मी नमुन्यासाठी रचला आहे, पण त्यातल्या चुका बाजाराच्या बातम्या वाचणाऱ्याच्या परिचयाच्या असतील. ‘रॅली’ म्हटल्यावर मराठी वाचकाला झेंडे घेतलेले कार्यकर्ते दिसतात, त्यात तो निवडणुकीचा आठवडा. ‘सुधारणा’ वाचून बाजार वर गेला असे वाटते. कोणता निर्देशांक, हे सांगितलेलेच नाही. आणि २७ टक्के कशाचे, याचा उलगडा अर्थ विभागातल्या माणसालाही चटकन होणार नाही.

म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकणारा वाचक बाजाराचा मजकूर रोज वाचतोच असे नाही. तो नेमका अशा पडझडीच्या दिवशी वाचतो आणि त्यावरून पैसे काढायचे की ठेवायचे, हे ठरवतो. म्हणून रोजच्या सारांशातले चार मुख्य शब्द आधी ठरवून घ्यावे लागतात. नुसता प्रतिशब्द ठरवून भागत नाही. तो शब्द किती घसरणीला, किती दिवसांच्या वाढीला, कुठून मोजून वापरायचा, ही हद्दही त्याच्याबरोबर ठरवावी लागते. हद्द नसेल तर चांगला शब्दही दर दोन दिवसांनी वेगळा अर्थ सांगू लागतो.

निर्देशांक: नाव, अंक आणि टक्के

‘निर्देशांक’ हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे, तो बदलण्याचे काही कारण नाही. मात्र महागाईचाही निर्देशांक असतो आणि औद्योगिक उत्पादनाचाही. त्यामुळे पहिल्या उल्लेखात नाव हवेच. सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातल्या ३० कंपन्यांचा निर्देशांक, तर निफ्टी हा राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० कंपन्यांचा. सेन्सेक्ससाठी १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरले आहे आणि त्या वर्षीची पातळी १०० मानली आहे. निफ्टीसाठी ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची पातळी १,००० मानली आहे. म्हणजे सेन्सेक्स ७२,०७९ वर आहे याचा अर्थ, त्यातल्या कंपन्यांचे बाजारातले मूल्य त्या पायाच्या तुलनेत सुमारे ७२० पट आहे. हे रुपये नव्हेत. ‘सेन्सेक्स ७२ हजार रुपयांवर’ असे लिहिणे म्हणूनच चूक.

दुसरी गल्लत बाजार आणि निर्देशांक यांच्यात होते. ‘मुंबई शेअर बाजार ४,३८९ अंकांनी कोसळला’ असे लिहिले जाते. मुंबई शेअर बाजार ही १८७५ साली सुरू झालेली संस्था आहे. अंक कमी झाले ते सेन्सेक्सचे. हा फरक कीस काढण्यापुरता नाही. ४ जूनच्या त्या पडझडीतही हिंदुस्तान युनिलिव्हर आणि नेस्ले या कंपन्यांचे शेअर वाढून बंद झाले होते. ज्याच्याकडे तेच शेअर होते, त्याच्यासाठी ‘बाजार कोसळला’ हे वाक्य अर्धेच खरे होते.

तिसरा प्रश्न ‘अंक’ की ‘अंश’ हा. मराठी वृत्तपत्रांत दोन्ही शब्द चालतात. ‘अंश’ वाचताना तापमान आठवते आणि निर्देशांकात ‘अंक’ आधीच दडलेला आहे, म्हणून मी ‘अंक’ पसंत करतो. पण कुठलाही एक घ्या आणि वर्षभर तोच ठेवा. एकाच बातमीत सेन्सेक्स अंशांनी आणि निफ्टी अंकांनी घसरला, तर वाचकाला ती दोन वेगळी मापे वाटतील.

अंकांपेक्षा महत्त्वाचे आहेत टक्के. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण नुकतेच उघड झाले होते तेव्हा, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ती घसरण साडेबारा टक्क्यांहून अधिक होती. तेच ५७० अंक ३ जून २०२४ च्या पातळीवर मोजले, तर पाऊण टक्कासुद्धा भरत नाहीत. आजच्या पातळीवर सहाशे अंकांची हालचाल हा बाजाराचा एक साधा दिवस असतो, पण ‘सेन्सेक्स सहाशे अंकांनी गडगडला’ हा मथळा जुन्या वाचकाच्या पोटात गोळा आणतो. त्यामुळे नियम असा: अंक जिथे येतील, तिथे त्याच वाक्यात टक्केही येतील. ४ जूनची घसरण ५.७४ टक्के होती.

टक्के देतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ७६,४६८ वरून ७२,०७९ वर येताना सेन्सेक्सने ५.७४ टक्के गमावले. तेवढेच अंक परत मिळवायला मात्र त्याला ६.०९ टक्के वाढावे लागणार होते, कारण आता मोजणी खालच्या आकड्यापासून सुरू होते. म्हणून ‘जेवढे टक्के पडला तेवढेच वाढला’ म्हणजे ‘नुकसान भरून निघाले’ असे लिहिता येत नाही.

आकडा कोणत्या वेळचा आहे, हेही पाहावे लागते. ४ जूनला दिवसाच्या मध्यात सेन्सेक्स ७०,२३४ पर्यंत खाली गेला होता आणि बंद होईपर्यंत १,८०० हून अधिक अंकांनी सावरला होता. दुपारी आलेल्या बातमीतला आकडा आणि संध्याकाळच्या सारांशातला आकडा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळले की बातमी चुकते. शिवाय तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे शेअरचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या सरासरीवरून ठरत असल्यामुळे, साडेतीनच्या ठोक्याला पडद्यावर दिसलेला आकडा आणि अधिकृत बंद आकडा यांत थोडा फरक पडत असे. सारांशात अधिकृत बंद पातळीच घ्यायची.

वाढ, उसळी आणि तेजी

इंग्रजी सारांश लिहिणारे ‘रॅली’ हा शब्द एका दिवसाच्या वाढीलाही लावतात आणि दोन महिन्यांच्या वाढीलाही. मराठीत त्यासाठी एकच शब्द शोधायला गेलो की ‘तेजी’ हाती लागतो. तो बाजाराचा जुना आणि अस्सल शब्द आहे. तेजीवाले आणि मंदीवाले हे शब्द दलालांच्या पेढ्यांवर पूर्वापार चालत आले आहेत. पण प्रत्येक वाढीला तेजी म्हणत गेले, तर खरी तेजी आल्यावर तिच्यासाठी शब्द उरत नाही.

जूनच्या त्याच आठवड्यात या शब्दांची हद्द आखून दाखवता येते. ३ जूनला सेन्सेक्स ३.३९ टक्के वाढला आणि दुसऱ्याच दिवशी ती सगळी कमाई गेली. ही उसळी होती. एका दिवसाची आणि नेहमीपेक्षा स्पष्टपणे मोठी हालचाल, एवढाच उसळीचा अर्थ. त्यानंतर ५ जूनला तो ७४,३८२ वर गेला, ६ जूनला ७५,०७४ वर आणि ७ जूनला ७६,६९३ वर. लागोपाठ तीन दिवस, मिळून ६.४ टक्के, आणि शेवटी आधीच्या विक्रमी बंद पातळीच्याही वर. ही तेजी.

म्हणून तीन पायऱ्या ठरवाव्यात. एका दिवसाची साधारण हालचाल ती ‘वाढ’. एकाच दिवसातली मोठी, समजा दोन टक्क्यांच्या वरची, ती ‘उसळी’. निदान तीन सत्रे टिकलेली सलग वाढ ती ‘तेजी’. दोन टक्के आणि तीन सत्रे या रेषा कुठल्या कायद्यातल्या नाहीत. एखाद्या अर्थ विभागाने दीड टक्का धरला तरी बिघडत नाही. ती रेषा लिहून ठेवलेली असावी आणि आजच्या मथळ्यासाठी ती सरकवू नये, एवढेच महत्त्वाचे. ५ जूनच्या संध्याकाळी सारांश लिहिणाऱ्याला पुढचे दोन दिवस कसे जातील हे माहीत नव्हते. त्या दिवशी ‘उसळी’ एवढेच लिहिणे प्रामाणिक होते. ‘तेजी परतली’ हे ७ जूनला लिहिता आले.

‘मुसंडी’, ‘घोडदौड’, ‘भरारी’ हे शब्द मथळ्यात शोभतात, पण त्यांना हद्द नाही. बातमीच्या पहिल्या वाक्यात तरी हद्द असलेला शब्दच हवा.

करेक्शन म्हणजे सुधारणा नव्हे

चारही शब्दांत सर्वांत जास्त नुकसान करणारा हा. शब्दकोश उघडला तर ‘सुधारणा’, ‘दुरुस्ती’ असे प्रतिशब्द मिळतात. मराठीत प्रकृतीत सुधारणा होते, पीकपाण्यात सुधारणा होते, म्हणजे स्थिती आधीपेक्षा बरी होते. ‘निफ्टीत दहा टक्के सुधारणा’ वाचणारा माणूस बाजार वर गेला असेच समजणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ‘दुरुस्ती’ने अर्थ उलटा होत नाही, पण काय मोडले होते आणि कोणी दुरुस्त केले, हा प्रश्न उरतो.

मूळ शब्दात एक मत दडलेले आहे. भाव अवाजवी चढले होते आणि आता ते योग्य जागी येत आहेत, असे त्याने सुचवले जाते. भाव अवाजवी होते की नव्हते, हा विश्लेषकाच्या मताचा भाग आहे. बातमीने ते मत स्वतःचे म्हणून सांगू नये. बातमीला माहीत असते ती एवढीच गोष्ट: शिखरापासून किती टक्के घट झाली. जगभरच्या बाजारांत रूढ झालेला संकेत असा, की अलीकडच्या शिखरापासून दहा टक्के किंवा अधिक घट झाली की तिला करेक्शन म्हणायचे आणि वीस टक्क्यांच्या पुढे गेली की मंदीचा बाजार.

माझा कौल ‘करेक्शन’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवण्याला आहे. दलाल, वितरक आणि गुंतवणूकदार तो मराठी बोलताना सर्रास वापरतात, आणि चुकीचा अर्थ सांगणाऱ्या मराठी शब्दापेक्षा अर्थ ठरलेला परका शब्द बरा. मात्र दोन अटी हव्यात. पहिल्या उल्लेखात ‘शिखरापासून दहा टक्क्यांहून अधिक घसरण, म्हणजे करेक्शन’ असे लिहावे. आणि दहा टक्क्यांच्या आत असेल तर विश्लेषक काहीही म्हणोत, आपण ‘घसरण’ लिहावे.

या कसोटीवर ४ जून उतरत नाही. आदल्या दिवसाची बंद पातळी हेच तेव्हाचे शिखर होते आणि तिथून घट ५.७४ टक्क्यांची होती. ती एका दिवसातली फार मोठी घसरण होती, पण करेक्शन नव्हते. करेक्शन आले ते त्याच वर्षाच्या शेवटी. २६ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टी २६,२१६.०५ या विक्रमी पातळीवर बंद झाला. त्यातून दहा टक्के वजा केले की सुमारे २३,५९४ उरतात. १३ नोव्हेंबरला निफ्टी २३,५५९.०५ वर बंद झाला, म्हणजे त्या संध्याकाळी करेक्शन हा शब्द पहिल्यांदा लिहिता आला. त्या दिवसाची स्वतःची घसरण दीड टक्क्याच्याही आत होती. एक दिवस पाच टक्के पडूनही करेक्शन नाही आणि एक दिवस दीड टक्काही न पडता करेक्शन, हे मोजमाप कुठून सुरू होते ते सांगितल्याशिवाय वाचकाला पटणार नाही.

‘मंदी’ या शब्दालाही इथेच जपायला हवे. अर्थव्यवस्थेचे उत्पादन घटू लागते तेव्हाही आपण मंदीच म्हणतो. बाजार वीस टक्के खाली आला म्हणून कारखाने बंद पडतात असे नाही. म्हणून सारांशात एकटी ‘मंदी’ कधीच लिहू नये. ‘शेअर बाजारातील मंदी’ किंवा ‘आर्थिक मंदी’ असे पूर्ण लिहावे.

चढउतार आणि त्यांचे माप

व्होलॅटिलिटीसाठी ‘अस्थिरता’ हा शब्द सर्वत्र दिसतो. त्याची अडचण ४ जूनने उघड केली. त्या दिवशी बातमीत राजकीय अस्थिरतेची चर्चा होती आणि बाजारातल्या अस्थिरतेचीही. ‘अस्थिरतेमुळे अस्थिरता वाढली’ या वाक्याला अर्थ उरत नाही. शिवाय ‘अस्थिरता’ ऐकताच काहीतरी बिघडले असे वाटते. बाजाराच्या परिभाषेत या कल्पनेला दिशा नसते. भाव किती जोराने हलतात, एवढेच त्यातून कळते. ३ जूनला साडेतीन टक्क्यांच्या जवळपास वर, ४ जूनला पावणेसहा टक्के खाली, ५ जूनला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पुन्हा वर: या तिन्ही दिवसांनी मिळून ती घडवली, एकट्या घसरणीने नव्हे. हे सांगायला मराठीत ‘चढउतार’ हा शब्द तयार आहे आणि त्यात दोन्ही दिशा आहेत. ‘तीव्र चढउतार’, ‘चढउतार वाढले’, ‘चढउतार कमी झाले’ अशी त्याची वाक्येही सहज होतात. ‘अस्थिरता’ राजकारणासाठी राखून ठेवावी.

आता ते २७ टक्के. राष्ट्रीय शेअर बाजार इंडिया व्हीआयएक्स नावाचा निर्देशांक काढतो. निफ्टीच्या ऑप्शनच्या किमतींवरून तो काढला जातो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क. तो विकत घ्यावा लागतो, आणि मोठी हालचाल होण्याची भीती असली की त्याची किंमत वाढते. त्या किमतींवरून पुढच्या तीस दिवसांत निफ्टी किती हलेल, अशी बाजाराची अपेक्षा आहे, याचा अंदाज निघतो आणि तो वार्षिक टक्केवारीत मांडला जातो. थोडक्यात, आज काय घडले हे तो मोजत नाही, पुढे काय घडेल असे लोकांना वाटते ते मोजतो. तो वर गेला म्हणजे बाजार पडणार, असेही त्याचे भाकीत नसते.

४ जूनला इंडिया व्हीआयएक्स २०.९४ वरून २६.७५ वर गेला. ही वाढ २७.७५ टक्क्यांची होती. पातळी पावणेसत्तावीस आणि वाढ पावणेअठ्ठावीस टक्के, असे दोन आकडे शेजारी आले की ‘अस्थिरता २७ टक्के’ असा गोंधळ होतो. वाचकाला उपयोगी पडेल अशी एक सोपी रीत आहे. वर्षात सुमारे २५२ सत्रे होतात आणि या संख्येचे वर्गमूळ सोळाच्या जवळ येते. म्हणून व्हीआयएक्सच्या पातळीला सोळाने भागले की बाजाराला रोज साधारण किती टक्के हालचाल अपेक्षित आहे ते कळते. २०.९४ असताना ही अपेक्षा सुमारे १.३ टक्के होती, २६.७५ झाल्यावर सुमारे १.७ टक्के. ५ जूनला व्हीआयएक्स १८.८८ वर उतरला, म्हणजे सुमारे १.२ टक्के. हा अंदाज सरासरीचा आहे. ४ जूनची प्रत्यक्ष घसरण आदल्या संध्याकाळच्या अपेक्षेच्या चौपटीहून मोठी होती, त्यामुळे व्हीआयएक्सला हमी समजू नये.

तोच दिवस, पुन्हा लिहून

हे सगळे नियम पाळून ४ जूनचा सारांश असा होतो:

‘लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीत अपेक्षेपेक्षा वेगळे चित्र दिसू लागल्याने मंगळवारी शेअर बाजारात मोठी घसरण झाली. सेन्सेक्स ४,३८९.७३ अंकांनी, म्हणजे ५.७४ टक्क्यांनी घसरून ७२,०७९.०५ वर बंद झाला. दिवसभरात तो ७०,२३४ पर्यंत खाली गेला होता. निफ्टी १,३७९.४० अंकांनी, म्हणजे ५.९३ टक्क्यांनी घसरून २१,८८४.५० वर बंद झाला. सोमवारच्या उसळीने मिळालेली सर्व वाढ पुसली गेली. पुढील तीस दिवसांतील अपेक्षित चढउतार दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स २०.९४ वरून २६.७५ वर गेला.’

यात ‘सुधारणा’, ‘रॅली’, ‘अस्थिरता’ यांपैकी एकही शब्द नाही. ‘करेक्शन’ही नाही, कारण त्या दिवशी ते झाले नव्हते.

ही यादी रोज वापरताना तिच्या मर्यादाही दिसतात. सर्वांत मोठी मर्यादा करेक्शनच्या शेवटाची आहे. ४ मार्च २०२५ ला निफ्टी २२,०८२.६५ वर बंद झाला, शिखरापासून १५.८ टक्के खाली. मग लागोपाठ सात सत्रांची तेजी झाली आणि २५ मार्चला तो २३,६६८.६५ वर पोहोचला. ही पातळी दहा टक्क्यांच्या त्या रेषेच्या किंचित वर होती. मग करेक्शन संपले असे लिहायचे का? अमेरिकेने जाहीर केलेल्या आयात शुल्कानंतर ७ एप्रिलला निफ्टी पुन्हा २२,१६१.६० वर आला, शिखराच्या साडेपंधरा टक्के खाली. करेक्शन सुरू झाल्याची रेषा ठरलेली आहे, संपल्याची तशी नाही. नवे शिखर गाठेपर्यंत ‘संपले’ हे क्रियापद वापरू नये, हा त्यातला सर्वांत सुरक्षित नियम. तोवर ‘निफ्टी शिखरापासून ९.७ टक्के खाली’ एवढे लिहिले की वाचकाला लागणारे सगळे त्यात येते, आणि पुढच्या सोमवारी ते मागे घ्यावे लागत नाही.